सहल रद्द झाल्याचा मेसेज

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमधून दर महिन्याला इतक्या सहली निघतात की हे एकदा लिहायलाच हवं होतं.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला मोबाईल दाखवला. "अपरिहार्य कारणास्तव उद्याची सहल रद्द करण्यात येत आहे. पुढील तारीख लवकरच कळवण्यात येईल. सहकार्याची अपेक्षा." बस्स, एवढंच. कोणती सहल, कोणता उद्या, भरलेल्या पैशांचं काय, एका अक्षराने उल्लेख नाही. काकू मला विचारत होत्या, "तू पण सहली काढतेस ना, मग सांग, माझे पैसे बुडाले का गं?" त्या आयोजकाचं नाव मी इथे लिहीत नाही, तो विषय नाही. विषय तो मेसेज आहे.

मी आणि माझा नवरा गेली काही वर्षं बदलापुरातून छोट्या सहली काढतो. एक बस, तीस-बत्तीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची किंवा भिशीच्या ग्रुपमधल्या बायका. असा मेसेज लिहायची वेळ आमच्यावरही आली आहे, आणि ती तारीख तुम्हालाही आठवत असेल. सोमवार, १ जानेवारी २०२४.

आठवण करून देते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(२) होतं. अपघातात माणूस मेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. आधीच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. ट्रक आणि टँकरचालकांनी याविरुद्ध नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी चाकं थांबवली. देशभर ठिकठिकाणी रस्ते अडवले गेले, आपल्याकडे मीरा रोडजवळ महामार्गावर दगडफेक झाली. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून टँकर बाहेर पडेनात.

आमची बस दुसऱ्या दिवशी, मंगळवारी २ जानेवारीला, पहाटे पाचला निघणार होती. त्र्यंबकेश्वर, नाशिक, शिर्डी, एक मुक्काम. ३२ माणसं, माणशी २,८०० रुपये, सगळे भरून झालेले. पिकअप बदलापूरला कात्रप, मग अंबरनाथला फॉरेस्ट नाका, मग उल्हासनगरला १७ सेक्शन. तिथून कल्याण, रांजनोली नाका आणि नाशिक हायवे.

दुपारपासून फोन सुरू. "ताई, जाणार ना आपण?" आणि प्रत्येकाचं पुढचं वाक्य तेच, "बघू की सकाळी, संप काय, रात्रीत मिटतो." हे म्हणणं अगदीच खोटं नाही. ३ जानेवारी २०१८ चा महाराष्ट्र बंद आठवा. भीमा कोरेगावच्या घटनेनंतर २ तारखेला जाहीर झाला, ३ तारखेला सकाळी लोकल अडल्या, रस्ते बंद झाले, आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत बंद मागेही घेतला गेला. आपल्याकडचं आंदोलन कधी पेटेल आणि कधी विझेल याचा नेम नसतो. पण "सकाळी बघू" म्हणजे काय, तर सत्तरीच्या बाईने साडेतीनला उठायचं, इन्सुलिन घ्यायचं, डबा भरायचा, अंधारात रिक्षा शोधून नाक्यावर यायचं आणि मग आम्ही तिला सांगायचं की नाही हो, परत जा. किंवा त्याहून वाईट, बस निघायची आणि इगतपुरीच्या पुढे कुठेतरी अडकायची.

म्हणून आम्ही "संप मिटेल का" हा प्रश्न बाजूला ठेवला. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतंच. आम्ही बसमालकाला विचारलं, टाकीत डिझेल किती आहे? तो म्हणाला, साधारण साठ लिटर. ती बस लिटरला सहा किलोमीटर जाते, म्हणजे ३६० किलोमीटर. आमचा फेरा, त्र्यंबकेश्वरचं जाणं-येणं धरून, पाचशेच्या वरचा. म्हणजे वाटेत कुठेतरी तीस लिटर तरी भरावं लागणार होतं, आणि ते नेमकं नाशिक-शिर्डी बाजूला, जिथे पानेवाडीचे टँकर पोचत नव्हते. इथे बदलापुरात टाकी भरून घ्यावी तर संध्याकाळी पंपावर ही रांग. जाऊन पोचलो असतो कदाचित, पण परत कसे आलो असतो? मालकही म्हणाला, "वहिनी, मी गाडी देत नाही. काच फुटली तर कोण भरणार?" तिथे विषय संपला. संध्याकाळी सातला ठरलं, साडेसातला मेसेज लिहायला बसलो.

तो मेसेज जसाच्या तसा देते, कुणाला उपयोगी पडला तर उचला.

"मंगळवार २ जानेवारीची त्र्यंबकेश्वर-नाशिक-शिर्डी सहल रद्द झाली आहे. पहाटे कुणीही पिकअपला येऊ नये, बस येणार नाही.

कारण : वाहनचालकांच्या संपामुळे काही ठिकाणी रस्ते बंद आहेत आणि नाशिक बाजूला डिझेल मिळण्याची खात्री नाही.

तुम्ही भरलेले माणशी २,८०० रुपये पूर्ण सुरक्षित आहेत. निवड तुमची. पहिला पर्याय, पूर्ण पैसे परत, काहीही कापणार नाही. दुसरा पर्याय, हीच सहल मंगळवार-बुधवार ३० व ३१ जानेवारीला, याच पैशांत.

उत्तरात फक्त 'परत' किंवा 'तारीख' लिहा. बुधवार ३ जानेवारी संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर आलं नाही तर पैसे परत करू. पैसे ज्या नंबरवरून आले त्याच नंबरवर शुक्रवार ५ जानेवारीपर्यंत जातील. रोख दिलेल्यांना घरी आणून देऊ. आम्ही कोणतीही लिंक पाठवणार नाही, पिन विचारणार नाही.

हा मेसेज वाचल्यावर आत्ता 'वाचला' एवढं लिहा. रात्री ९ पर्यंत ज्यांचं उत्तर नसेल त्यांना फोन करू."

आता यातली एकेक गोष्ट तशी का, ते सांगते.

पहिल्याच ओळीत "रद्द". नमस्कार नाही, "आपणांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की" नाही. फोन लॉक असतो तेव्हा मेसेजच्या पहिल्या दोन ओळीच पडद्यावर दिसतात. नमस्कार-चमत्कारात त्या गेल्या की रद्द हा शब्द खाली दडतो, आणि माणूस नाक्यावर येऊन उभा राहतो. दुसरं म्हणजे "उद्या" हा शब्द मेसेजमध्ये कुठेच नाही. मेसेज रात्री आठला जातो, कुणी तो अकराला पुढे पाठवतो, कुणी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो. त्याचा उद्या आणि आपला उद्या वेगळे होतात. वार आणि तारीख दोन्ही लिहायची. एक चुकून वाचलं तरी दुसरं सांभाळून घेतं.

कारण एका वाक्यात. संप बरोबर की चूक, सरकार बरोबर की चूक, त्यावर एक शब्द नाही. आमच्या यादीत एक कुटुंब असं होतं ज्यांचा मुलगा स्वतः ट्रक चालवतो, आणि दुसरं असं, ज्यांचे दिवसभर पंपावर हाल झाले होते. मत मांडायला ही भिंत आहेच की! सहलीच्या ग्रुपवर तो वाद सुरू झाला असता तर पैसे परत कसे मिळणार हे कुणाच्याच डोळ्याला पडलं नसतं. शिवाय ग्रुपवर आम्ही उत्तरं मागवलीच नाहीत. प्रत्येकाला वेगळा मेसेज गेला. ग्रुपवर पहिल्या तिघींनी "तारीख" लिहिलं की चौथीला "परत" लिहायचा संकोच वाटतो. तिला ते पैसे खरंच हवे असू शकतात. १७ सेक्शनच्या बाजूने सहा माणसं सिंधी कुटुंबांतली होती, त्यांना हाच मेसेज हिंदीत पाठवला.

आता सर्वांत महत्त्वाची ओळ, आणि माझं यावर ठाम मत आहे. उत्तर आलं नाही तर पैसे परत. बहुतेक आयोजक उलटं करतात. "दोन दिवसांत न कळवल्यास आपली नोंदणी पुढील तारखेस वर्ग करण्यात येईल." वाचायला किती सभ्य! पण गप्प कोण राहतं? ज्याला मेसेज कळला नाही तो, ज्याचा फोन नातवाकडे असतो तो, जो दवाखान्यात आहे तो. त्यांचे पैसे त्यांना न विचारता महिनाभर वापरायचे आणि वर तारीख आपल्या सोयीची द्यायची, हे मला पटत नाही. सहल आम्ही रद्द केली, प्रवाशाने नाही. मग गप्प बसण्याचा तोटा प्रवाशाला कशाला?

कायद्यातही या बाजूला आधार आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. कलम ५६ म्हणतं की करार झाल्यावर ठरलेली गोष्ट करणंच अशक्य झालं तर करार रद्दबातल होतो. आणि कलम ६५ म्हणतं की असा करार रद्दबातल झाला की ज्याने त्यातून काही फायदा घेतला असेल त्याने तो परत करायचा. आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे तोच फायदा. पण इथे एक मेख आहे. अशक्य म्हणजे खरंच अशक्य. खर्च वाढला, लांबून जावं लागलं, गैरसोय झाली, याला न्यायालयं सहसा अशक्य मानत नाहीत. त्यामुळे बस जाऊ शकत होती आणि आयोजकाने फक्त सीट भरल्या नाहीत म्हणून संपाचं निमित्त केलं, तर ती सेवेतली त्रुटी आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आधी तिथे फोन करा, लगेच कोर्टात धावायची गरज नाही.

तारीख बदलून देणं आणि पैसे परत देणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे आपण कोविडमध्ये शिकलो. विमान कंपन्यांनी लॉकडाऊनमधल्या तिकिटांचे पैसे द्यायच्या ऐवजी क्रेडिट शेल दिले, म्हणजे पुढच्या प्रवासाची चिठ्ठी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने पैसे परत करायला सांगितले. पैशांची अडचण असलेल्या कंपनीला क्रेडिट शेलची मुभा होती, पण तो ३१ मार्च २०२१ पर्यंत, दुसऱ्याच्या नावावर करता येईल असा, आणि मुदतीत वापरला नाही तर पैसे द्यायचेच. युरोपात तर पॅकेज टूर अशा टाळता न येणाऱ्या कारणाने रद्द झाली तर चौदा दिवसांत पैसे परत करण्याचा नियम आहे. आपल्या छोट्या सहलींना तेवढं काटेकोर वेळापत्रक कुणी घालून दिलेलं नाही, म्हणून मेसेजमध्ये तारीख आपणच लिहायची. "लवकरच" ही तारीख नसते.

नवी तारीख ठरवायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि ती ठरवल्याशिवाय मेसेज पाठवायचा नाही हे नक्की होतं. पुढचा आठवडा का नाही दिला? संप किती चालेल माहीत नव्हतं. १२ तारखेपासून नाशिकला राष्ट्रीय युवा महोत्सव होता, पंतप्रधान येणार होते, म्हणजे रस्ते आणि हॉटेलं दोन्ही गेली. १५ ला संक्रांत. त्यानंतर हळदीकुंकवाचा पहिला आठवडा, बायका घरातून हलत नाहीत. २२ ला अयोध्येची प्राणप्रतिष्ठा, देवळांत गर्दी. २९ ला संकष्टी, अर्ध्या बसला उपास. म्हणून ३० आणि ३१. आयोजकाने प्रवाशाच्या कॅलेंडरने बघायचं असतं, स्वतःच्या नाही.

आता पैशांचं. ३२ माणसांचे २,८०० प्रमाणे ८९,६०० रुपये जमले होते. त्यातून शिर्डीच्या हॉटेलला १२,००० आणि बसमालकाला ५,००० आगाऊ दिले होते. उरले ७२,६००, आणि ते वेगळ्या खात्यात तसेच होते. सहल होऊन परत येईपर्यंत त्या खात्यातून सहलीच्या खर्चाशिवाय एक रुपया निघत नाही, हा आमच्या घरचा नियम. मेसेजमधलं "पूर्ण परत" हे वाक्य या नियमावर उभं असतं. ज्याने या सहलीचे पैसे मागच्या सहलीची देणी फेडायला वापरले, तो बिचारा इच्छा असूनही "तारीख लवकरच कळवू" एवढंच लिहू शकतो. त्या दोन ओळींच्या मेसेजमागे बऱ्याचदा लबाडी नसते, रिकामं खातं असतं. प्रवाशाला दोन्ही सारखंच, म्हणा.

बुधवार संध्याकाळपर्यंत १७ जणांनी तारीख घेतली, ११ जणांनी परत मागितले, ४ जण गप्प. गप्प असलेल्यांना धरून १५ जणांचे ४२,००० रुपये गुरुवारी आणि शुक्रवारी दिले. बसमालकाने गाडी स्वतःच नाकारली होती, त्याने ५,००० परत केले. हॉटेलवाला म्हणाला, रोख देणार नाही, पण याच महिन्यात आलात तर पूर्ण रक्कम धरतो. ते आम्हाला चाललं. त्याने नाही म्हटलं असतं तर ते १२,००० आमच्या खिशातून गेले असते, प्रवाशांच्या नाही. हॉटेल आम्ही निवडलं, आगाऊ किती द्यायचे ते आम्ही ठरवलं, प्रवाशाला त्यात कुणी विचारलं होतं? म्हणून आता हॉटेलला आगाऊ देताना आम्ही विचारूनच घेतो, बंद-संप झाला तर तारीख फिरवून द्याल का, आणि ते उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागतो.

पिनच्या ओळीबद्दल काहींनी विचारलं होतं, ती कशाला? कारण "रिफंड" हा शब्द दिसला की ठगांना चान्स मिळतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. पैसे परत मिळण्याची वाट बघणारा माणूस नेमका त्याच वेळी गाफील असतो.

आणि "वाचला". निळ्या खुणांवर आमचा विश्वास नाही. बऱ्याच जणांनी त्या बंद केलेल्या असतात, कधी मेसेज सुनेने उघडलेला असतो. रात्री नऊपर्यंत २१ जणांचं "वाचला" आलं. उरलेल्या ११ जणांना फोन केले, नऊ लागले, एकींना शेजारणीकडून निरोप गेला. शेवटच्या एका आजींचा फोन बंद होता, पत्ता नुसता "कात्रप". म्हणून नवरा पहाटे साडेचारला स्कूटर घेऊन पिकअपला जाऊन उभा राहिला. आजी पावणेपाचला आल्या, स्वेटर, पिशवी, पाण्याची बाटली. त्याने त्यांना घरी सोडलं. त्या रागावल्या नाहीत, पण "मग माझे पैसे?" हे त्यांनी स्कूटरवर बसायच्या आधी विचारलं, नंतर नाही.

संप २ तारखेच्या रात्री मिटला. केंद्रीय गृह सचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून सांगितलं की हे कलम चर्चेशिवाय लागू करणार नाही. पुढे १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हा १०६(२) बाजूलाच ठेवलं होतं. ३ तारखेला दोघांनी मला ऐकवलं, "बघा, एका दिवसात मिटला, उगाच रद्द केलंत." असू दे. मंगळवारी दुपारी आमची बस नाशिक बाजूला टाकी अर्धी करून उभी असती, तेव्हा मिटलेला नव्हता.

जाता जाता एक फरक सांगते, कारण आपल्या बदलापूरकरांना तो चांगलाच माहीत आहे. २० ऑगस्ट २०२४ ला आपल्या स्टेशनवर रूळ अडवले गेले ते आदल्या रात्री कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल बंद, लांबच्या गाड्या पनवेलमार्गे वळवल्या. अशा वेळी माणसं आधीच घराबाहेर असतात, तेव्हा हा मेसेज कामाचा नाही. तेव्हा पहिली ओळ "सगळे कुठे आहेत आणि सुखरूप आहेत" ही, आणि ती प्रवाशांना नाही, त्यांच्या घरच्यांना. त्यासाठी नोंदणीच्या वेळीच घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर घेऊन ठेवावा लागतो. पैशांचं नंतर. फक्त रेल्वेचं तिकीट असेल तर एवढं लक्षात ठेवा. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तरीही पूर्ण पैसे मिळतात, पण त्यासाठी गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरावा लागतो. गाडी गेल्यावर नाही.

काकूंना मी हेच सांगितलं की आधी त्या आयोजकाला लेखी विचारा, "पैसे परत हवेत, कोणत्या तारखेला देणार?" आणि भरल्याची पावती किंवा स्क्रीनशॉट सोबत जोडा. त्यांनी काल पाठवलंय. उत्तर आलं की कमेंटमध्ये कळवते. तुमच्यापैकी कुणाला असा मेसेज आला असेल तर तोही टाका, फक्त आयोजकाचं नाव झाकून.